‘सिद्ध झाल्यास’ आणि ‘नमूद केल्यास’: बँक गॅरंटीतलं एक वाक्य

नमस्कार श्रोतेहो. ठेकेदारीच्या कागदपत्रांची भाषांतरं करणं हा माझा रोजचा व्यवसाय. आज त्यातल्या एकाच वाक्याबद्दल बोलणार आहे. सरकारी काम घेताना ठेकेदार खात्याला जी परफॉर्मन्स गॅरंटी देतो, म्हणजे काम करारानुसार पार पाडण्याची बँकेची हमी, तिच्यात बँक पैसे कधी देईल हे हे वाक्य सांगतं.

दीड-दोन वर्षांपूर्वी एक ठेकेदार काका माझ्याकडे आले. काम गगनबावड्याच्या बाजूचं, रस्ता आणि दोन मोऱ्या, 80 लाखांचं. त्यावर 4 लाखांची बँक गॅरंटी. पावसाळ्यात भराव खचला, काम रखडलं, खात्याने उरलेलं काम दुसऱ्याकडून करून घेतलं. मग खात्याने बँकेकडे 4 लाख मागितले. काकांच्या हातात दोन कागद होते, बँकेने सही केलेली मूळ इंग्रजी गॅरंटी आणि कुणाकडून तरी करून घेतलेलं मराठी भाषांतर. ते म्हणाले, “ताई, ह्यात स्पष्ट लिवलंय. भंग सिद्ध झाल्याशिवाय बँकेनं पैसे द्यायचे न्हाईत. आणि अजून सिद्ध काहीच झालेलं न्हाई की.”

भाषांतरात खरोखर तसं होतं, “कंत्राटदाराने अटींचा भंग केल्याचे सिद्ध झाल्यास बँक रक्कम अदा करील.” वाक्य वाचायला सुबक, पण मूळ मजकुराशी त्याचा काही संबंध नव्हता. मुळात जे होतं ते मराठीत असं येतं. नीट ऐका.

“कंत्राटदाराने करारातील कोणत्याही अटीचा भंग केल्यामुळे आमचे नुकसान झाले आहे किंवा होईल आणि त्यापोटी ही रक्कम देय आहे, असे नमूद केलेली खात्याची नुसती मागणी आल्यावर, बँक कोणतीही हरकत न घेता ती रक्कम अदा करील.”

यात ‘भंग’ हा शब्द आहे, ‘नुकसान’ही आहे. घाईत वाचणाऱ्याला वाटतं की भंग झाला तर पैसे. पण भंग झाला की नाही हे बँकेने बघायचंच नाही. बँकेने बघायचंय पत्र. पत्रात खात्याने ‘भंग झाला, नुकसान झालं, एवढी रक्कम देय आहे’ असं म्हटलंय का, एवढंच. इंग्रजीतल्या ‘स्टेटिंग’ या शब्दाचा अर्थ ‘असे नमूद करणारी’. भाषांतरकाराने तो सोडला आणि ‘सिद्ध’ हा शब्द पदरचा घातला. त्यापुढे ‘विदाऊट डेमर’ असतं, म्हणजे कुरकूर न करता, हरकत न घेता. ते तर त्याने गाळूनच टाकलं होतं. त्याच्याच पुढचं वाक्य, “अशी मागणी किती रक्कम देय आहे याबाबत निर्णायक राहील,” तेही गायब.

काकांना मी विचारलं, बँकेने गॅरंटी देताना तुमच्याकडून काय काय सही करून घेतलं? 1 लाखाची एफडी मार्जिन म्हणून ठेवली होती, हे त्यांना आठवलं. पण त्याबरोबर काउंटर गॅरंटी असते, ती कुणी वाचत नाही. तिच्यात ठेकेदाराने बँकेला लिहून दिलेलं असतं की मागणी आली तर मला न विचारता पैसे द्या, ते मी भरून देईन. म्हणजे बँकेने खात्याला 4 लाख दिले की 1 लाख एफडीतून जातात आणि उरलेले 3 लाख तुमच्या नावावर कर्ज होऊन बसतात, व्याजासकट. भाषांतर चुकलं म्हणून तो आकडा कमी होत नाही. बँकेची सही इंग्रजी कागदावर आहे, मराठी कागद तुमच्या समजुतीसाठी.

“मग कोर्टात जाऊन स्टे आणू,” काका म्हणाले. बिनशर्त गॅरंटीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने वर्षानुवर्षं एकच भूमिका घेतली आहे. गॅरंटी हा बँक आणि खातं यांच्यातला स्वतंत्र करार आहे, ठेकेदार आणि खात्याचं भांडण त्यात आणायचं नाही. वसुली थांबते ती उघड, गंभीर लबाडी असेल आणि बँकेला ती माहीत असेल तर, किंवा पैसे एकदा गेले की कधीच परत मिळणार नाहीत अशी असाधारण परिस्थिती असेल तर. पाऊस जास्त झाला, खात्याने जागा उशिरा दिली, बिलं अडकली, ही कारणं खरी असली तरी ती लवादापुढे किंवा दाव्यात मांडायची. गॅरंटी अडवायला ती पुरत नाहीत.

मात्र यालाही दुसरी बाजू आहे. बँकेला पत्रच बघायचं असेल, तर पत्र बरोबर असायला हवं. 1999 साली हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात हाच मुद्दा आला होता. गॅरंटीत मागणी मुख्य अभियंत्याने करायची असं होतं आणि पत्र पाठवलं होतं कार्यकारी अभियंत्याने. न्यायालयाने ती वसुली गॅरंटीच्या अटींनुसार झालेली नाही असं ठरवलं. म्हणून मी मागणीचं पत्र आणि गॅरंटी शेजारी शेजारी ठेवते आणि बोट ठेवत वाचते. सही कुणाची, कोणत्या शाखेला पाठवलंय, रक्कम मर्यादेत आहे का, आणि ते ‘नमूद’ वाक्य पत्रात आहे का.

काकांच्या बाबतीत खात्याने बँकेला पाठवलेल्या पत्रात ते नव्हतं. “कामात दिरंगाई झाल्याने सदर गॅरंटी वटवून रक्कम जमा करावी,” एवढंच होतं. भंगामुळे नुकसान झालं, रक्कम देय आहे, यातलं अवाक्षर नाही. काकांनी त्याच दिवशी हे बँकेच्या मॅनेजरना लेखी कळवलं आणि मॅनेजरनी गॅरंटीच्या शब्दांप्रमाणे पत्र द्यावं असं खात्याला सांगितलं.

काकांचा चेहरा खुलला. मी तारीख दाखवली. त्यांच्या भाषांतरात होतं, “ही हमी 30 सप्टेंबर 2023 पर्यंतच लागू राहील,” त्यामुळे मुदत केव्हाच संपली, अशी त्यांची समजूत होती. पण मुळात दोन तारखा होत्या. हमीची मुदत 30 सप्टेंबर 2023, आणि लेखी मागणी बँकेत पोचण्याची शेवटची तारीख 30 सप्टेंबर 2024. मुदतीच्या आत झालेल्या चुकीसाठी खातं दुसऱ्या तारखेपर्यंत पैसे मागू शकतं. भाषांतरकाराने दोन्हींची एकच तारीख केली होती. खात्याचं पहिलं पत्र 20 सप्टेंबर 2024 ला बँकेत पोचलं होतं. दुसरं, दुरुस्त केलेलं, 27 तारखेला आलं. सगळे शब्द जागच्या जागी. बँकेने पैसे दिले.

ते 1 ऑक्टोबरला आलं असतं, तर बँकेला नाही म्हणता आलं असतं. मधला आठवडा फार मोलाचा होता. त्या वेळात काकांनी जागा ताब्यात मिळाल्याच्या तारखा, पावसाचे फोटो आणि साइटची वही वकिलांकडे पोचती केली. पैसे परत मिळण्याची वाट करारातल्या वादाच्या कलमातून जाते आणि ती लांब आहे. त्यांचा दावा अजून चालू आहे.

गेल्या महिन्यात काका पुन्हा आले, नव्या कामाच्या गॅरंटीचा मसुदा घेऊन. या वेळी सही व्हायच्या आधी. खुर्चीवर टेकताच त्यांनी मागणीच्या कलमावर बोट ठेवलं आणि विचारलं, “ताई, ह्यात पत्रावर सही कुणाची पायजे म्हटलंय?”