आजींशी बोलताना आधी समोर या

मी कानाच्या तपासण्या करते, आणि माझ्याकडे येणारे बरेच आजी-आजोबा एकच वाक्य बोलतात, "आवाज येतो गं, पण शब्द कळत नाहीत." हे वाक्य नीट समजलं ना, की ओरडून का उपयोग होत नाही ते लक्षात येतं.

वयामुळे ऐकू कमी येतं तेव्हा बहुतेकांचे आधी बारीक, उंच पट्टीतले आवाज जातात. आपल्या बोलण्यात आ, ओ, ऊ हे स्वर दणकट असतात, ते पोचतात, पण स, श, थ, फ अगदी नाजूक, ते गळून पडतात, म्हणजे तुम्ही "सात वाजता" म्हणालात तर आजींना "आठ वाजता" वाटू शकतं. मग आपण ओरडतो, आणि त्यात आ मोठा होतो, स मात्र तेवढा होत नाही, उलट दबतो. शिवाय कानाच्या आतला भाग कमजोर झाला की जेमतेम ऐकू येणं आणि कानाला त्रास होणं यातलं अंतर कमी होतं, म्हणून तर काका आधी "काय?" म्हणतात आणि मोठ्याने सांगितलं की "ओरडतेस कशाला" म्हणून चिडतात. तो हेकेखोरपणा नाही हो, खरंच कानाला बोचतं.

माझ्या शेजारच्या आजींचंच सांगते. मी दाराला कुलूप लावता लावता पाठमोरीच "आजी, बऱ्या आहात ना?" म्हणायचे, त्या गप्प, आणि मला वाटायचं रुसल्यात! इतकी वर्षं हेच काम करून मला ते कळू नये, याचं फार वाईट वाटलं. आता मी कुलूप लावून होईपर्यंत बोलतच नाही. त्यांच्यासमोर हातभर अंतरावर येते, त्या बसलेल्या असतील तर वाकते, हात हलवून त्यांची नजर माझ्याकडे वळली की मगच "आजी" म्हणते. उजेड माझ्या चेहऱ्यावर हवा, माझ्या पाठीमागे खिडकी असेल तर त्यांना नुसती काळी आकृती दिसते, ओठ दिसतच नाहीत. बोलायचं नेहमीच्याच आवाजात, जरासं सावकाश, वाक्य पूर्ण झालं की थोडं थांबून, पण एकेक अक्षर ताणायचं नाही, त्याने ओठांची ठेवणच बदलते.

ओठांवरून सगळं कळतं असंही नाही, प, ब, म तिन्ही सारखेच दिसतात. म्हणून उत्तराकडे लक्ष ठेवा. परवा मी विचारलं, "मुलगी कधी येणारे?" आजी हसून म्हणाल्या, "हो हो." कधीचं उत्तर हो कसं असेल, म्हणजे कळलेलं नव्हतं. तेच वाक्य परत न म्हणता मी शब्द बदलले, "तुमची लेक, कुठल्या वारी येणार?" तर लगेच म्हणाल्या, "रविवारी, आणि नातवालाही आणतेय."