घाटाची तुटलेली पायरी

(पडद्यावर: जोडलेलं पूर्ण छायाचित्र, डावीकडून उजवीकडे सावकाश.)

हा वाईचा गणपती घाट. कृष्णेचं पात्र, पलीकडचा काठ आणि ढोल्या गणपतीचं देऊळ. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये ते बांधलं. पुराचं पाणी दोन बाजूंना फुटून जावं म्हणून त्याची मागची भिंत निमुळती ठेवली आहे. पायरीवर उभं राहून मान या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत वळवली की जेवढं दिसतं, तेवढं मोबाईलच्या एका फोटोत मावत नाही. म्हणून मोबाईल उभा धरून, दर वेळी साधारण ३० अंश वळत पाच फोटो काढायचे आणि संगणकावर जोडायचे.

या पाच फोटोंच्या दोन जोडण्या आपण पाहणार आहोत. फोटो तेच, जोडायची पद्धत वेगळी. पहिलीत माणूस बिघडतो, दुसरीत घाट.

(पडद्यावर: पहिल्या जोडणीचा उजवा भाग, मोठा करून.)

ही पहिली. हातात बादली घेऊन पायऱ्या चढणारी बाई दोनदा दिसते आहे, आणि दोन्ही ठिकाणी तिच्या अंगातून मागचा दगड आरपार दिसतो आहे. पातळाचा हिरवा रंगही फिका, दगडात मिसळलेला. छायाचित्रणात याला घोस्टिंग म्हणतात.

(पडद्यावर: दुसरी जोडणी, तोच भाग.)

आणि ही दुसरी. बाई आता एकच आहे, अखंड, बादलीसकट. पण तिच्या शेजारी पहा. पायरीची दगडी कड सरळ येते, मध्येच तुटते आणि जवळजवळ अर्धी पायरी खालून पुढे जाते. बाई नीट झाली आणि पायरी मोडली. हे दोन दोष एकमेकांना कसे बांधलेले आहेत, ते समजून घ्यायचं तर जोडणी होते कशी, इथून सुरुवात करायला हवी.

(पडद्यावर: शेजारचे दोन फोटो, सामायिक भागावर ठिपके उमटतात.)

शेजारच्या दोन फोटोंमध्ये काही भाग सामायिक असावा लागतो. एका फोटोत मोबाईलला आडवं साधारण ५३ अंश दिसतं आणि आपण ३० अंशच वळलो, म्हणजे जवळजवळ ४० टक्के देखावा दोन्ही फोटोंत आला. संगणक या भागात खुणा शोधतो: दगडाचा कोपरा, कळसाचं टोक, भिंतीवरचा डाग. एका फोटोतली खूण दुसऱ्या फोटोत कुठे आहे, हे जुळवतो. अशा शेकडो जोड्यांमध्ये बऱ्याच चुकीच्याही असतात. त्या वेगळ्या काढायला तो बहुमत घेतो. कुठल्याही चार जोड्या उचलायच्या, त्यांच्यावरून दुसरा फोटो किती सरकवायचा आणि किती तिरका करायचा ते ठरवायचं, आणि उरलेल्या किती जोड्या त्याला दुजोरा देतात ते मोजायचं. हे पुन्हा पुन्हा करून ज्याला सगळ्यांत जास्त पाठिंबा, तो हिशोब धरायचा. कॅनडात ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या मॅथ्यू ब्राउन आणि डेव्हिड लो यांनी २००३ मध्ये याच वाटेनं, कोणते फोटो एकमेकांचे शेजारी आहेत हेसुद्धा संगणकाला आपलं आपण ओळखता येईल, असं करून दाखवलं.

या हिशोबामागे दोन गोष्टी गृहीत आहेत. समोरचं काही हललं नाही, आणि कॅमेरा जागच्या जागी नुसता वळला. बाईनं पहिली मोडली. दुसरी फोटो काढणाऱ्यानं मोडली, आणि ती बहुतेक वेळा आपल्या लक्षातही येत नाही.

(पडद्यावर: वरून घेतलेलं दृश्य. मोबाईल धरलेला माणूस स्वतःभोवती वळतो. मोबाईलचा मार्ग रेषेनं दाखवलेला.)

मोबाईल हातात पुढे धरून आपण वळतो तेव्हा वळतं आपलं शरीर. भिंग आपल्या कण्यापासून साधारण ४० सेंटिमीटर पुढे असतं, त्यामुळे ते वर्तुळाच्या कडेवरून फिरतं. ३० अंशांच्या एका वळणात ते जवळपास २० सेंटिमीटर सरकतं. आता एक डोळा मिटून नाकासमोर बोट धरा आणि मग डोळा बदला. बोट मागच्या भिंतीवर उडी मारतं ना? आपल्या दोन डोळ्यांत सहा-साडेसहा सेंटिमीटरचंच अंतर असतं. भिंग त्याच्या तिप्पट सरकलेलं आहे.

घाटावर याचा परिणाम काय होतो? नेहमीच्या मोबाईलच्या मुख्य कॅमेऱ्यात दहा मीटरवरची एक मीटर रुंदीची वस्तू सुमारे ३०० पिक्सेल जागा घेते. पलीकडचा काठ आणि देवळाचं शिखर इतकं लांब आहे, की भिंगाच्या त्या २० सेंटिमीटरांनी तिथे जेमतेम काही पिक्सेलांचा फरक पडतो, आणि संगणकानं जुळवणी या दूरच्या गोष्टींवर बेतली आहे. पण त्या जुळवणीत दहा मीटरवरची पायरी दोन फोटोंमध्ये एकमेकींपासून ५० पिक्सेलांहून जास्त सरकलेली राहते. म्हणजे शिखर बरोबर बसलं तर पायरी बसत नाही, आणि पायरी बसवावी तर शिखर हलतं. कितीही चांगलं सॉफ्टवेअर घेतलं तरी एका साध्या सरकवण्यातून दोन्ही एकदम साधणार नाहीत.

(पडद्यावर: समोरच्या आडव्या पायऱ्या, नंतर उजवीकडे तिरप्या जाणाऱ्या पायऱ्या.)

आणि तरीही अगदी समोरच्या, नदीकडे उतरणाऱ्या पायऱ्या शाबूत दिसतात. त्या फोटोत आडव्या आहेत आणि सरकणंही आडवंच आहे. आडवी रेघ आडवी सरकली तर तुटलेली कळत नाही. उजवीकडे मात्र त्याच पायऱ्या तिरप्या होत लांब जातात. तिरपी रेघ ५० पिक्सेल बाजूला सरकली की ती २५-३० पिक्सेल वर किंवा खाली गेल्यासारखी दिसते. त्या अंतरावर एक पायरी साधारण ६० पिक्सेल उंच आहे. अर्धी पायरी तुटते, ती अशी. जवळ एखादी दीपमाळ किंवा विजेचा खांब असता, तर उभ्या रेघेत हा फरक पूर्ण ५० पिक्सेलांचा दिसला असता.

आता बाईकडे येऊ. चौथा फोटो काढून, वळून, पाचवा काढेपर्यंत तीनेक सेकंद गेले. तेवढ्यात ती दीड मीटर पुढे आली. फोटोत हे साडेचारशे पिक्सेल झाले, तिच्या रुंदीच्या तिप्पट. ती नेमकी सामायिक भागात आहे, म्हणजे एकाच जागेबद्दल दोन फोटो दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. चौथा म्हणतो इथे बाई आहे, पाचवा म्हणतो इथे दगड आहे.

पहिल्या जोडणीत दोघांची सरासरी घेतली. अर्धी बाई, अर्धा दगड. पुढे जिथे ती पोचली तिथेही तसंच. म्हणून दोन अर्धपारदर्शक बायका.

दुसऱ्या जोडणीत सरासरी नाही, निवड आहे. सामायिक भागातून एक शिवण काढायची. तिच्या अलीकडे फक्त चौथा फोटो, पलीकडे फक्त पाचवा. ही शिवण सरळ असायची गरज नाही. १९९८ मध्ये संशोधक जेम्स डेव्हिस यांनी हलत्या वस्तू असलेल्या दृश्यांसाठी हाच उपाय मांडला. दोन फोटो एकमेकांतून वजा करायचे, जिथे फरक कमी तिथून जाणं स्वस्त, जिथे जास्त तिथून महाग, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंतची सगळ्यांत स्वस्त वाट शोधायची. माणूस असला की फरक मोठा, म्हणून शिवण त्याला वळसा घालते. आजची बरीच सॉफ्टवेअरं याच विचारावर चालतात.

(पडद्यावर: दुसरी जोडणी, शिवणीची वाट लाल रेघेनं.)

ही लाल वाट नीट पहा. बाईच्या दोन्ही जागा तिनं टाळल्या आहेत. एका बाजूला सपाट पाणी होतं, तिथून ती अलगद खाली येते. पण बाईला टाळून खाली उतरायला उरली होती तिरप्या पायऱ्यांचीच जागा. पायरीच्या बारीक कडेवर फरक आहे, पण अखंड हिरव्या पातळाइतका नाही. संगणकानं स्वस्त सौदा केला. पायरी त्या जागी आधीपासूनच सरकलेली होती. पहिल्या जोडणीत ती दुहेरी, धूसर दिसत होती एवढंच. शिवणीनं तो फरक एका धारदार कापात गोळा केला. माणसं जितकी जास्त, तितक्या शिवणीच्या वाटा कमी, आणि तितकं जास्त वेळा तिला जवळच्या, न जुळलेल्या रेघा ओलांडून जावं लागतं. गर्दीतल्या फोटोंत फरशा, कठडे आणि पायऱ्या इतक्या ठिकाणी का तुटतात, त्याचं मुख्य कारण मला हेच वाटतं.

गर्दी याहून वाईट एक गोष्ट करू शकते. आषाढीच्या वाटेवर दिवे घाटातून पालखी चढताना सामायिक भाग वारकऱ्यांनीच भरलेला असतो, आणि सगळे एकाच दिशेनं चाललेले. पताका, टोप्या, तुळशीवृंदावनं यांच्या खुणा छान जुळतात आणि एकमेकांना दुजोराही देतात. बहुमत त्यांचं झालं तर संगणक त्यांची चाल हीच कॅमेऱ्याची हालचाल समजतो. मग फोटो चालत्या माणसांवर जुळतो आणि मागचा डोंगर तुटतो.

यावरून दोष ओळखायची सोपी खूण मिळते. नजर आधी सगळ्यांत लांबच्या रेघेवर न्या. डोंगरकडा, शिखर, पलीकडचा काठ अखंड असेल आणि फक्त जवळचं तुटलं असेल, तर भिंग सरकलं आहे. लांबचंही तुटलं असेल, तर जुळवणीच चुकली आहे. माणूस आरपार दिसत असेल तर सरासरी घेतली आहे. धारदार कापलेला, किंवा दोन ठिकाणी अखंड दिसत असेल तर शिवण आहे. बाई नाही पण तिची सावली पायरीवर पडलेली आहे, हाही शिवणीचाच प्रकार. फिकी सावली ओलांडायला शिवणीला महाग वाटली नाही. आणि माणूस रबरासारखा ताणलेला किंवा चेपलेला असेल, तर तो मोबाईलच्या पॅनोरमा मोडमध्ये काढलेला फोटो. तिथे पाच फोटो नसतात, मोबाईल फिरताना अरुंद पट्ट्या एकापुढे एक लावल्या जातात. फिरण्याच्या दिशेनं चालणारा माणूस जास्त पट्ट्यांत येतो आणि ताणला जातो, उलट चालणारा चेपला जातो.

(पडद्यावर: तिपाईवर मोबाईल, भिंगाखालचा बिंदू दाखवलेला.)

उपाय फोटो काढतानाच करावे लागतात. हातानं काढायचे असतील, तर भिंग एका जागी ठेवून आपण त्याच्याभोवती पावलं टाकत फिरायचं. भिंगाखाली जमिनीवर एक खडा ठेवला तर अंदाज राहतो. तिपाई असेल तर मोबाईल असा बसवायचा, की फिरण्याचा आस भिंगातून जाईल. भिंगाचं सरकणं दोन सेंटिमीटरवर आलं, तर पायरीचे ते ५० पिक्सेल पाचावर येतात. मग शिवण कुठूनही जाऊ दे, कड तुटलेली दिसत नाही.

माणसांसाठी संयम लागतो, पण सगळा घाट रिकामा व्हायची वाट पाहावी लागत नाही. फोटोच्या मध्यभागी कितीही माणसं असू देत. तो भाग एकाच फोटोतून येतो. मोकळा हवा फक्त सामायिक पट्टा, आणि त्यातही शिवण जाण्याइतकी एक वाट. म्हणून प्रत्येक ठिकाणी तीन-चार फोटो काढून ठेवावेत आणि नंतर पट्टा मोकळा असलेला निवडावा.

तरी कोणी आलंच, तर निवड आपल्या हातात घेता येते. हगिन या मोफत सॉफ्टवेअरमध्ये `Masks` या टॅबवर पाचव्या फोटोतल्या बाईभोवती, तिच्या सावलीसकट, रेघ मारायची आणि `Exclude region` निवडायचं. तिथला देखावा मग चौथ्या फोटोतूनच घेतला जातो. चालत्या माणसांवर पडलेल्या खुणाही तिथेच, `Control Points` टॅबवर, एकेक करून काढून टाकता येतात. त्या काढून जुळवणी पुन्हा करायची आणि मगच शिवणीकडे वळायचं. आधी शिवण आणि मग जुळवणी असं केलं, तर शिवण जुन्या, चुकलेल्या जागांवरूनच वाट काढत राहते.