मे महिन्यात साइटचं वेळापत्रक: काम कधी, विसावा किती

नमस्कार मंडळी. नागपुरात नवतपा लागला की पारा ४५ च्या आसपास जातो, तरी लोखंड बांधणारी टोळी बऱ्याच साइटवर नेहमीसारखी नऊलाच स्लॅबवर चढते. आज याच टोळीचा दिवस आपण नव्याने आखू.

बारा ते तीन काम बंद ठेवलं की झालं, असं पुष्कळ ठेकेदारांना वाटतं. ऊन बाराला डोक्यावर येतं हे खरं, पण हवा सगळ्यात जास्त तापते ती तीन-चारच्या सुमारास. म्हणजे तीनला माणसं वर पाठवली, तर ऐन भट्टीत पाठवली. त्यात सेंट्रिंगच्या लोखंडी प्लेटा आणि सळया सकाळपासून तापलेल्या असतात. उघड्या हाताने सळई धरवत नाही. म्हणून माझं म्हणणं, दुपारची सुट्टी अकरा ते पाच.

[पडद्यावर वेळापत्रक]

मे अखेरीस नागपुरात साडेपाचला उजाडतं, तेव्हा काम सहाला सुरू करा. आठपर्यंत दर तासाला १० मिनिटं विसावा. आठ ते दहा, ४५ मिनिटं काम आणि १५ मिनिटं सावली. दहा ते अकरा मात्र अर्धा तास काम, अर्धा तास सावली. संध्याकाळी पाच ते सात पुन्हा ४५ आणि १५. बेरीज केली तर प्रत्यक्ष काम ५ तास १० मिनिटं भरतं. नऊ ते सहाच्या पाळीत जेवणाचा तास वजा जाता ८ तास भरायचे. ही तूट खरी आहे. ती भरून काढायला टोळीत माणसं वाढवा किंवा स्लॅबची तारीख पुढे घ्या. हजेरी कापून ती भरायची नाही.

काम उक्तं दिलं असेल तर वरचं सगळं कागदावरच राहतं. किलोवर पैसे मिळणारा माणूस सावलीत बसत नाही, कारण बसलेली १५ मिनिटं त्याच्या खिशातून जातात. या दिवसांपुरती तरी टोळी रोजावर घ्या, विसावा पगारी ठेवा. आणि "दमलास तर बस" असं म्हणून सोडून देऊ नका, मुकादम उभा असताना पहिलं कोण बसेल? मुकादमाच्या मोबाईलवर गजर लावा. वाजला की सगळे एकदम खाली, मुकादमसुद्धा.

खाली म्हणजे कुठे? पत्र्याच्या झोपडीत नाही. दुपारी ती बाहेरच्यापेक्षा जास्त तापते, तिथे सहा तास काढलेला माणूस संध्याकाळी आधीच थकलेला असतो. त्यापेक्षा आधी भरलेल्या स्लॅबखालचा मजला बरा. ऊन येतं त्या बाजूला ओलं पोतं टांगा, पंखा लावा, माठ तिथेच ठेवा. पाणी एकदम तांब्याभर नको, दर १५-२० मिनिटांनी पेलाभर.

स्लॅब भरायचं काम या वेळापत्रकात बसत नाही. काँक्रीट मधेच थांबवलं तर जोड राहतो, म्हणून ते रात्रीच घ्या. काँक्रीटलाही तेच मानवतं: ४० अंशांच्या वर ते ओतताना काय काळजी घ्यायची, यासाठी आयएस ७८६१ हे वेगळं मानक आहे.

आता सगळ्यात नाजूक माणूस: नवा आलेला. अमेरिकेतल्या ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेच्या म्हणण्यानुसार उघड्यावरच्या कामात उन्हाने होणाऱ्या मृत्यूंपैकी ५० ते ७० टक्के पहिल्या काही दिवसांतले असतात. शरीराला घाम लवकर आणि भरपूर गाळायची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. म्हणून नव्या माणसाला पहिल्या दिवशी उन्हात फक्त २० टक्के वेळ, मग रोज २० ने वाढवायचा. जुना गवंडी लग्नासाठी गावी जाऊन बऱ्याच दिवसांनी परतला असेल, तर ५०, ६०, ८० आणि चौथ्या दिवशी पूर्ण. "तो जुना आहे, त्याला काय होतंय" इथेच घात होतो.

मुंबई-कोकणात हे जसंच्या तसं उचलू नका. दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे ३५ अंशांतही अंग तितकंच तापू शकतं. तिथे विसावा सकाळपासूनच वाढवा. खोदाई, ओझं वाहणं अशा जड कामालाही तसंच.

विसाव्याला खाली येताना प्रत्येकाशी दोन शब्द बोला. कोणी असंबद्ध बोलतोय, झोकांड्या खातोय, उगाच चिडतोय, तर तो उष्माघात समजा. घाम येत असला तरीही. १०८ ला फोन लावा, पण गाडीची वाट बघत बसू नका. सावलीत आडवं करा, जाडे कपडे काढा, सगळ्या अंगावर पाणी ओता आणि जोरात वारा घाला. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. गाडी येईपर्यंत अंगावरचं पाणी थांबवू नका, आणि दवाखान्यात त्याच्याबरोबर टोळीतलं एक माणूस पाठवा.