मिस कॉल ओळखतो ते सिम कार्डाला
(नागपुरात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मिस कॉल दिल्यावर पलीकडे काय होतं आणि त्यावरून तुमची ओळख कितपत पटते, हे दोन्ही आज सांगायचं ठरलं आहे. पण सुरुवात हनुमान नगरच्या माझ्या आत्यापासून करतो, कारण तिच्या सिलिंडरचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

आत्या गॅस मिस कॉलनेच बुक करते. दोन रिंग, कॉल आपोआप कट, मग एसएमएस. मध्येच एसएमएस येणं बंद झालं, सिलिंडरही येईना. एजन्सीत गेली तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "आजी, नीट मिस कॉल देत जा ना." सत्तरी ओलांडलेली बाई रोज सकाळी देवपूजा झाली की नीट मिस कॉल देऊन राहिली होती! शेवटी मी तिचा फोन हातात घेतला आणि कॉल लॉग उघडला. त्या नंबरसमोर बारीकसा 2 दिसत होता. नातवाने नेटसाठी दुसरं सिम टाकलं होतं आणि कॉलही त्याच सिमवरून जावेत अशी सेटिंग करून ठेवली होती. गॅसच्या खात्यात नोंद होती पहिल्या सिमची. सेटिंग बदलली, मिस कॉल दिला, मिनिटभरात एसएमएस आला.

आता हे असं का झालं ते बघा. तुमचा नंबर तुमचा फोन पाठवत नाही, तो तुमच्या कंपनीचं नेटवर्क सिम ओळखून कॉलला लावतं. कॉल जोडण्याचा जो पहिला संदेश जातो, त्यात दोन नंबर असतात: कोणी लावला आणि कोणाला लावला. म्हणजे पलीकडे रिंग वाजण्याआधीच तुमचा नंबर तिथे पोचलेला असतो. तिथे टेबलावर फोन नसतो, सर्व्हर असतो. तो नंबर वाचतो आणि कॉल न उचलताच तोडतो. उचलल्याचा सिग्नल जातच नाही, आणि बिलाचं मीटर त्याच सिग्नलवर सुरू होतं, म्हणून तुमचा पैसा कटत नाही. नंतर सर्व्हर तो नंबर ग्राहकांच्या यादीत शोधतो. सापडला तर बुकिंग नोंदवून एसएमएस पाठवतो. आत्याच्या दुसऱ्या सिमचा नंबर यादीत नव्हता, आणि तिथली यंत्रणा गप्प बसली. माझी तक्रार त्या गप्प बसण्याबद्दल आहे. 'हा नंबर आमच्याकडे नोंदलेला नाही' एवढा एक मराठी एसएमएस गेला असता, तर म्हातारीला भर उन्हात एजन्सीच्या चकरा माराव्या लागल्या नसत्या. कॉल लावणाऱ्याचा नंबर तर यंत्रणेच्या हातात होताच!

दुसरी अडचण गर्दीची. अशा सेवेला बरेचदा पीआरआय नावाची टेलिफोन लाइन घेतात, एका लाइनवर एका वेळी 30 कॉल. एक कॉल पाच सेकंदांत संपला असं धरा, म्हणजे मिनिटाला 360. त्यापुढच्या माणसाला खरोखरचं 'बिझी' ऐकू येतं आणि त्याची नोंदच होत नाही. पण काही यंत्रणा नंबर घेऊन लगेच कॉल नाकारतात, तेव्हाही कानाला तसंच ऐकू येतं. म्हणून रिंग किती वाजली, कट कसा झाला, यावर जाऊ नका. आलेला एसएमएस हीच पावती.

चिठ्ठी आली आहे, पाचच मिनिटं उरली आहेत. ओळखीचा मुद्दा पटकन घेतो.

इंटरनेटवरून कॉल लावणाऱ्या यंत्रणेतून दुसऱ्याचा नंबर लावून फोन करता येतो. मग मिस कॉलवर बँक बॅलन्स सांगते ते सुरक्षित कसं? उत्तर कॉल करणाऱ्याकडे जात नाही, रजिस्टर्ड नंबरवर एसएमएसने जातं. तुमचा नंबर लावून कोणी मिस कॉल दिला, तरी बॅलन्स कळेल तुम्हालाच. न मागता बॅलन्सचा एसएमएस आला तर मात्र समजा, एकतर घरातल्या कोणी मिस कॉल दिला किंवा तुमचा नंबर कोणीतरी वापरतो आहे. पीएफवाल्यांनी 9966044425 या नंबरच्या मिस कॉल सेवेला यूएएन, म्हणजे पीएफ सदस्याचा क्रमांक, सक्रिय असण्याची आणि मोबाइल त्याच्याशी जोडलेला असण्याची अट घातली आहे, ती यासाठीच. उलट, नुसता मिस कॉल आला की 'व्हेरिफाय झालं' म्हणणारी सेवा कच्ची. तिने त्या नंबरवर ओटीपी पाठवायलाच हवा.

ओटीपीलाही एक मर्यादा आहे. बंद पडलेला नंबर 90 दिवसांनंतर दुसऱ्याला देता येतो. जुना नंबर बँकेतून काढला नसेल, तर नव्या मालकाच्या मिस कॉलवर तुमचा बॅलन्स त्याच्या फोनवर जाईल, आणि त्यात त्याची काही लबाडीही नसेल. सिम सोडायच्या आधी बँक, पीएफ, गॅस या तिन्ही ठिकाणी नंबर बदलून घ्या. आणि घरच्या म्हाताऱ्या माणसांच्या फोनमध्ये कॉल कोणत्या सिमवरून जातो, तेवढं आज रात्रीच बघा.