तिसऱ्या सेकंदाच्या आत

हा आहे २४ सेकंदांच्या एका यूट्यूब शॉर्टचा रिटेन्शन ग्राफ. आडवे सेकंद, उभी टक्केवारी: त्या क्षणी किती जण अजून पाहतायत. व्हिडिओचा विषय साधा, उतरलेली सायकलची चेन परत कशी बसवायची.

रेष सुरू होते तीच ११० वर. यात बिघाड काही नाही. शॉर्ट संपला की आपोआप पुन्हा सुरू होतो आणि दुसऱ्या फेरीतले सुरुवातीचे सेकंदही मोजले जातात. त्यामुळे या आकड्यावर हुरळून जायचं नाही. पाहायचा तो उतार. तिसऱ्या सेकंदाला रेष थेट ६२ वर येते आणि पुढे जवळजवळ सपाट चालते. म्हणजे जे थांबले, ते टिकले. गळती दारातच आहे.

आता ग्राफच्या खाली एडिटिंगची टाइमलाइन ठेवू. सगळ्यात तीव्र उतार दीड ते अडीच सेकंदांच्या मध्ये. पण नेमका तिथलाच शॉट कापून उपयोग नाही. कंटाळा येणं आणि अंगठा वर सरकणं यात थोडा वेळ जातो, म्हणून कारण उताराच्या जरा आधी शोधायचं. तिथे काय आहे? पहिल्या १२ फ्रेम शांतता, बोलण्याआधीचा श्वास. मग, "नमस्कार मित्रांनो, आजच्या व्हिडिओमध्ये आपण..." चेन अजून दिसलेलीच नाही!

उपायही याच रेषेत आहे. अकराव्या सेकंदाला एक छोटा उंचवटा दिसतो. तेवढाच भाग काही जण मागे जाऊन पुन्हा पाहतात. तिथे चेन पुढच्या चक्राच्या खालच्या दात्यांत अडकवली जाते, पॅडल उलटं फिरतं आणि चेन टक्कन बसते. हा शॉट अख्खा उचलून पुढे आणायचा मोह होतो. पण मग उत्तर आधीच मिळतं आणि घसरण फक्त दोन सेकंद पुढे ढकलली जाते. म्हणून अर्धाच घ्यायचा. दात्यांत अडकलेली चेन, पॅडलवर हात, आणि फिरवण्याआधी कट. आवाज पहिल्या फ्रेमपासून: "चेन ओढत बसू नका, पॅडल धरा." नमस्काराला रजा.

यूट्यूबवर जुन्या व्हिडिओची फाइल बदलता येत नाही, त्यामुळे ही आवृत्ती नव्याने टाकावी लागते. तुलना करताना घाई नको. पाहणारे मोजकेच असतील तर दोघा-तिघांच्या जाण्यानेही रेष उड्या मारते. शिवाय जुना व्हिडिओ सबस्क्राइबरांनी पाहिला आणि नवा फीडमधल्या अनोळखी लोकांनी, तर ती तुलनाच नव्हे.

नव्या ग्राफमध्ये पहिला उतार सौम्य झाला, तरी चौथ्या सेकंदाला नवा खड्डा दिसू शकतो. पॅडलवरचा हात पाहणाऱ्यासमोर अचानक लोंबणारी चेन येते, दुवा तुटतो. तिथे एक वाक्य पुरतं: "पण आधी मागच्या चक्रावर चेन नीट आहे ना, ते बघा."