चाळीत हात घाला, मग कोड लिहा

[दृश्य: निफाड तालुक्यातली कांदाचाळ. बाहेर भुरभुर पाऊस. एक हात ढिगात कोपरापर्यंत जातो.]

वरून पाहिलं तर चाळ ठणठणीत दिसते. कांद्याला रंग आहे, वरची पत्ती सुकी आहे, वासही नाही. काकांनी हात आत घातला आणि तसाच थांबवला. ‘इथं उबारा लागतोय,’ म्हणाले. हात बाहेर आला तेव्हा बोटांना काळपट, चिकट पाणी लागलं होतं. वरचे दोन थर बाजूला सारल्यावर खाली पंधरा-वीस कांदे एकमेकांना चिकटून बसलेले निघाले. सड सुरू होऊन आठवडा तरी झाला असणार, आणि कळलं आज.

हा हुकलेला आठवडा पकडण्यासाठी आम्ही विद्यार्थ्यांची हॅकेथॉन घेतोय. नाशिकमध्ये, जुलैच्या शेवटच्या शनिवार-रविवारी, सलग तीस तास. विषय एकच: चाळीतली सड हाताला लागायच्या आधी कशी कळेल?

[दृश्य: बाजार समितीत ट्रॅक्टरांची रांग, मग पुन्हा चाळ.]

तारीख जुलैची का, ते आधी सांगतो. उन्हाळ कांदा मार्च ते मे दरम्यान निघतो आणि चाळीत जातो. भाव मिळेल तसा लासलगावला, पिंपळगावला, विंचूरला थोडा थोडा निघतो आणि उरलेला दिवाळीच्या आसपासपर्यंत थांबतो. एप्रिल-मे महिन्यांत चाळीत कांद्याचं वजन घटतं, कारण हवा कोरडी असते. पाऊस लागला की प्रश्न बदलतो. हवेतली आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर जाऊन तिथंच राहिली की काजळी धरते, मुळ्या फुटतात आणि सड पसरते. म्हणजे जुलैअखेर चाळ भरलेली असते आणि हवा सगळ्यात वाईट असते. जानेवारीत ही हॅकेथॉन घेतली असती, तर रिकाम्या चाळीसमोर उभं राहून अंदाज बांधावे लागले असते.

आता टीम. किमान तीन आणि जास्तीत जास्त चार जण. पदविका, पदवी, आयटीआय, कृषी, कुठलीही शाखा चालेल आणि वेगवेगळ्या कॉलेजांची मिळून टीम केली तरी हरकत नाही. अटी दोन आहेत. एका तरी सदस्याने स्वतःच्या हाताने सोल्डरिंग केलेलं असावं. आणि एक तरी सदस्य कृषीचा विद्यार्थी असावा, नाहीतर त्याच्या घरी किंवा नात्यात चाळ असावी. दुसऱ्या अटीवर आमची बरीच चर्चा झाली. काहींना ती जाचक वाटली. मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि त्याचं कारण मी स्वतः पाहिलंय.

[दृश्य: टेबलावर छोटा गोल गॅस सेन्सर, जाळीदार टोपीचा.]

हा एमक्यू-१३५. स्वस्त आहे, कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो. सडका कांदा वायू सोडतो, हा वायू पकडतो, म्हणून बहुतेक टीम पहिल्यांदा यालाच हात लावतात. दोन वर्षांपूर्वी एका स्पर्धेत आमच्या टीमनेही हेच केलं होतं. परीक्षक टेबलाजवळ आले, त्यांनी हाताला सॅनिटायझर लावलं आणि आमचा भोंगा वाजला. सगळे कांदे ताजे होते. हा सेन्सर अल्कोहोल, धूर, अमोनिया अशा बऱ्याच गोष्टींना सारखाच जागा होतो. नेमकं काय आहे, ते त्याला ओळखता येत नाही. चाळीशेजारी ट्रॅक्टर चालू झाला तरी तो सडच सांगणार.

त्याची दुसरी खोड विजेची. आत एक हीटर असतो आणि तो साधारण दीडशे मिलिअँपियर सतत खातो. २६०० मिलिअँपियर-तासांचा एक लिथियम सेल त्याला जोडला, तर पाच व्होल्टपर्यंत चढवताना होणारी गळती धरून तो बारा तासांच्या आत बसतो. चाळीला तर नव्वद दिवस काढायचे आहेत. नवा सेन्सर चोवीस ते अठ्ठेचाळीस तास तापवल्याशिवाय त्याचे आकडे स्थिरही होत नाहीत. तीस तासांच्या स्पर्धेत ते जमणार कसं? म्हणून ज्या टीम फॉर्ममध्ये गॅस सेन्सर मागतील, त्यांचे सेन्सर आम्ही गुरुवारी सकाळपासूनच वीज देऊन तापवत ठेवणार आहोत. शनिवारी ते तयार मिळतील. मागायचं मात्र फॉर्ममध्येच, ऐनवेळी नाही.

[दृश्य: काचेची बरणी, तळाशी ओलं मीठ, वर दोऱ्याला टांगलेला पांढरा सेन्सर.]

आर्द्रता मोजणाऱ्या डीएचटी-२२ची गोष्ट वेगळी आहे. तो वीज फार कमी खातो, पण दमट हवेत बराच काळ राहिला की हळूहळू खोटं बोलायला लागतो. ते ओळखायची सोपी रीत आहे. बरणीत स्वयंपाकाचं मीठ घ्यायचं आणि चमचाभर पाणी घालायचं. मीठ विरघळू द्यायचं नाही, ओल्या वाळूसारखं ठेवायचं. त्यावर सेन्सर मिठाला न टेकता टांगायचा, झाकण घट्ट लावायचं आणि आठ-दहा तास विसरून जायचं. खोलीच्या तापमानाला आतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांवर येऊन थांबते. सेन्सर एक्क्याऐंशी दाखवत असेल, तर तो सहाने चढा आहे आणि तेवढे कोडमध्ये वजा करायचे. चाळीत सगळा खेळ सत्तर टक्क्यांच्या आसपास चालतो, तिथं सहाची चूक म्हणजे अख्खा अंदाज चुकला. शनिवारी प्रत्येक टेबलावर बरणी आणि मीठ ठेवलेलं असेल. सकाळीच लावून टाका, संध्याकाळी वाचा.

आणि सेन्सर ठेवायचा कुठे? मघाशी पाहिलेल्या चाळीत आम्ही एक सेन्सर बाहेरच्या बाजूला, जाळीजवळ बांधला होता. तिथं वारा खेळतो. तो आठवडाभर अडुसष्ट-एकोणसत्तर दाखवत राहिला आणि त्याच आठवड्यात मधला कांदा सडला. आता काकांनीच सुचवलंय, की भोकं पाडलेला पाइप चाळ भरतानाच मधोमध उभा रोवायचा आणि सेन्सर त्यात सोडायचा. हे आम्हाला कुठल्याही माहितीपुस्तिकेत सापडलं नसतं. चाळ असलेल्या घरचा माणूस टीममध्ये हवा, तो यासाठी.

[दृश्य: पडद्यावर वेळापत्रक.]

वेळापत्रक असं. नोंदणी १५ जूनला सुरू होईल आणि ५ जुलैला संध्याकाळी सहाला बंद होईल. निवडलेल्या चोवीस टीमची नावं १२ जुलैला कळवू. स्पर्धेच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी दुपारी एक वाजता, नाशिकहून बस निघेल आणि सगळ्यांना निफाडजवळच्या एका चाळीवर नेऊन आणेल. ही भेट टाळता येणार नाही. शनिवारी नऊला हजेरी आणि दहाला काम सुरू. रविवारी दुपारी चारला हात थांबवायचे. रात्री झोपायची सोय आहे, आणि झोपा. पहाटे तीनला केलेलं सोल्डरिंग सकाळी पुन्हा करावं लागतं.

चारनंतर खरी परीक्षा. गोणपाटाने झाकलेले सहा क्रेट समोर येतील. त्यातल्या काहींमध्ये मधोमध सडके कांदे लपवलेले असतील. किती क्रेटमध्ये, ते आम्ही सांगणार नाही. चाळीस मिनिटांत तुमच्या यंत्राने ओळखायचं. गोणपाट उचलायचं नाही आणि नाकही लावायचं नाही. निम्मे गुण याचे आहेत. सडका क्रेट सुटला तर गुण जातील, आणि चांगल्या क्रेटला सडका म्हटलं तरी तेवढेच जातील. हे काहींना कडक वाटेल. पण शेतकऱ्याच्या बाजूने बघा. खोट्या इशाऱ्यावर त्याने चाळीचा कप्पा फोडला, मजूर लावून कांदा निवडला आणि आत काहीच निघालं नाही, तर दुसऱ्या इशाऱ्याला तो यंत्र बंद करून ठेवेल.

उरलेले गुण खर्चाला, बॅटरीला आणि निरोपाला. एका कप्प्याचा खर्च अडीच हजार रुपयांच्या आत हवा. चाळीत वायफाय नाही असंच धरून चाला. निरोप मराठीत आणि साध्या फोनवर पोचला पाहिजे. यासाठी जे जुनं टूजी मोड्यूल सर्रास वापरतात, त्यात जिओचं सिम चालत नाही, आणि नेटवर्क शोधताना ते क्षणभर दोन अँपियरपर्यंत खेचतं. अशक्त पुरवठ्यावर बोर्ड तिथंच बंद पडून पुन्हा चालू होतो. यंत्र आपोआप रिसेट होत असेल, तर कोड तपासत बसण्याआधी वीज तपासा.

[दृश्य: व्यासपीठ नाही. चाळीच्या खांबाला बांधलेला छोटा डबा.]

बक्षिसं. पहिलं साठ हजार, दुसरं चाळीस हजार, तिसरं पंचवीस हजार रुपये. पैसे माजी विद्यार्थ्यांनी जमवलेत. प्रत्येक बक्षिसाची निम्मी रक्कम रविवारी मिळेल. उरलेली निम्मी तुमचं यंत्र खऱ्या चाळीत १ ऑगस्टपासून नव्वद दिवस चाललं तरच. त्या चाळीत मधोमध वीस किलोचा एक खुणेचा क्रेट ठेवू. दर आठवड्याला त्याचं वजन होईल, सडके कांदे मोजले जातील, आणि तुमच्या इशाऱ्यांची तारीख त्या नोंदींशी ताडून पाहू. वीसचे अठरा किलो भरले आणि सडका एकही नसला, तर ती नुसती घट आहे. तिला सड म्हणणारं यंत्र चुकलं. चौथं बक्षीस पंधरा हजारांचं. ते तीन शेतकरी देतील, त्यांना हवं त्याला, आणि आम्ही कारण विचारणार नाही.

[दृश्य: मोबाइलवर फॉर्म. शेजारी क्यूआर कोड.]

नोंदणीला शुल्क नाही. पडद्यावरचा क्यूआर कोड स्कॅन केला की फॉर्म उघडतो. टीमप्रमुखाने तो एकदाच भरायचा. सगळ्यांची नावं, कॉलेजचं ओळखपत्र किंवा बोनाफाइड, आणि कोण काय करणार ते दोन-दोन ओळींत. ओळखपत्राचा फोटो उजेडात काढा. नाव वाचता आलं नाही तर फॉर्म परत येतो, आणि शेवटच्या संध्याकाळी परत आलेला फॉर्म दुरुस्त करायला वेळ उरत नाही. फॉर्म पोचला की टीमक्रमांकाचा ईमेल येतो. तासाभरात आला नाही तर स्पॅममध्ये बघा. टीममधला माणूस बदलायचा असेल तर १२ जुलैपर्यंत बदलता येईल, त्यानंतर नाही.

फॉर्मचं शेवटचं पान आहे चाळीची नोंद. कुठल्याही एका चाळीत जा. तिची लांबी, रुंदी आणि कांद्याच्या थराची उंची टेपने मोजा. कांदा कधी भरला, वारा कुठून येतो आणि गेल्या वर्षी सड पहिल्यांदा कोणत्या कोपऱ्यात दिसली, ते मालकाला विचारा. त्यांची परवानगी घेऊन एक फोटो काढा. हे पान कोरं असेल तर फॉर्म पुढे जात नाही. चोवीस टीम निवडताना आम्ही सगळ्यात आधी हेच पान वाचणार आहोत.

[दृश्य: काका टेपचं एक टोक धरून उभे आहेत, दुसरं टोक एका मुलीच्या हातात.]

‘साडेचार फूट,’ ती म्हणते. काका मान हलवतात. ‘भरला तेव्हा पाच होता. लिहून घे.’