कीबोर्डच्या खाली काय उतरलं?

मंडळी, ठाणे स्टेशनजवळच्या माझ्या दुकानात मागच्या जुलैत नौपाड्यातल्या एक शिक्षिका लॅपटॉप घेऊन आल्या. रविवारी संध्याकाळी गुण भरताना अर्धा कप चहा कीबोर्डवर सांडला. त्यांनी फडक्याने पुसून घेतला, लॅपटॉप चालूच होता म्हणून उरलेले गुण भरले आणि रात्री तो तांदळाच्या डब्यात ठेवला. मंगळवारी सुरू केला तर पासवर्डच्या चौकटीत हात न लावता टिंबं उमटत होती आणि मधल्या ओळीतली काही बटणं अजिबात चालत नव्हती.

बहुतेक लॅपटॉपच्या बटणांखाली प्लॅस्टिकचे पातळ पापुद्रे असतात, त्यांवर वीज वाहणाऱ्या रेघा छापलेल्या असतात. बटण दाबलं की वरची रेघ खालच्या रेघेला टेकते. त्या फटीत चहा शिरला की न दाबताच दोन रेघा जोडल्या जातात, म्हणून ती टिंबं. एखादी रेघ गंजून तुटली, तर तिच्यावरची सगळी बटणं एकदम जातात. त्या पापुद्र्यांत शिरलेली साखर बाहेरून पुसून निघत नाही. असा कीबोर्ड शेवटी बदलावाच लागतो.

पण मला कीबोर्डची काळजी कमी वाटते. कीबोर्डच्या खाली मदरबोर्ड आहे, आणि द्रव तिथेच उतरतो. ओल आणि वीज एकत्र आली की तांबं झिजू लागतं. लॅपटॉप बंद केला तरी बॅटरी जोडलेली असते आणि काही भागांत वीज खेळतच राहते. चहात दूध-साखर असते, आणि आपल्या नळाच्या पाण्यातही क्षार असतातच. एक-दोन दिवसांत पिनांवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड धरते.

म्हणून सांडल्या क्षणी एकच विचार करा: वीज तोडायची. आधी भिंतीवरचं बटण बंद करा, मग चार्जर काढा. पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. सेव्ह न केलेलं काम गेलं तर जाऊ द्या. पेनड्राइव्ह, माउस, सगळं काढा. स्क्रीन उघडी ठेवून लॅपटॉप टेबलाच्या कडेवर तंबूसारखा पालथा घाला, म्हणजे द्रव आला त्याच वाटेने परत निघेल. बॅटरी बाहेरून निघत असेल तर काढा. आत असेल आणि उघडायची सवय नसेल, तर त्याच दिवशी दुरुस्तीवाल्याकडे न्या आणि आधी बॅटरीची वायर सोडवायला सांगा. मधेच चालू करून बघू नका. सगळ्यात जास्त बोर्ड त्या एका प्रयत्नात जातात.

तांदूळ आतली ओल खेचत नाही, उलट त्याची भुकटी पोर्टात जाते. हेअर ड्रायरची गरम हवा द्रव आणखी आत ढकलते. पावसाळ्यात आपल्याकडे कपडे दोन दिवस वाळत नाहीत, तिथे बंद डब्यातलं यंत्र काय वाळणार? आणि समजा वाळलं, तरी साखर तिथेच राहते.

बाईंच्या लॅपटॉपमध्ये मी आधी बॅटरी सोडवली, मग कीबोर्डची पट्टी. भिंग लावून पाहिलं, तर स्क्रीनच्या वायरच्या सॉकेटमध्ये दोन पिना हिरव्या झालेल्या. स्क्रीनच्या उजेडाला लागणारी वीज याच सॉकेटमधून जाते, तिचा दाब शेजारच्या पिनांपेक्षा जास्त असतो, त्यामुळे इथल्या गंजलेल्या पिना लवकर जळतात. नुसता कीबोर्ड बदलला असता तर स्क्रीन आठवड्याभरात अंधारली असती.

बोर्ड साफ करायला वापरतात त्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये साखर जवळजवळ विरघळत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. म्हणून बोर्ड सुटा करून आधी डिस्टिल्ड वॉटरने मऊ ब्रशने धुतला, मग ९९ टक्के अल्कोहोलने ते पाणी हाकललं, आणि रात्रभर वाळवला. दुसऱ्या दिवशी जुना कीबोर्ड न जोडताच यूएसबी कीबोर्ड लावून सुरू केला. तो नीट लिहितो म्हणजे दोष कीबोर्डपुरता. नवा कीबोर्ड घालायच्या आधी सगळे गुण पेनड्राइव्हवर घेतले.

पुढचे काही आठवडे मी त्यांना चार गोष्टी पाहायला सांगितल्या. चार्जर लावल्यावर बॅटरीचा टक्का खरंच वाढतो का. टचपॅडवर कर्सर आपोआप उडतो का. पंख्याचा आवाज बदलला का. आणि टचपॅड किंवा तळ फुगून वर आलाय का, कारण ती फुगलेली बॅटरी असते आणि तेव्हा चार्जिंग ताबडतोब थांबवायचं.

महिन्याभराने त्या पुन्हा आल्या. मी मागचं झाकण उघडून ते सॉकेट भिंगाखाली धरलं. एका पिनेच्या बुडाशी हिरवा ठिपका पुन्हा उगवला होता, टाचणीच्या टोकाएवढा. तो तिथेच साफ केला.